दहावीनंतरची कल आणि क्षमता चाचणी: अहवालातले आकडे कसे वाचावेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे, ऐरोली, वाशी, कळवा या पट्ट्यातल्या पालकांकडून दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत येणारे हे प्रश्न आहेत. चाचणी करून झालेली असते, रंगीत आलेख असलेला अहवाल हातात असतो आणि अकरावीच्या ऑनलाइन अर्जात शाखा भरायची वेळ आलेली असते. त्यामुळे चाचणी कुठे करावी यापेक्षा, हाती आलेला अहवाल कसा वाचावा यावर इथे जास्त लिहिलं आहे.

कल चाचणी आणि क्षमता चाचणी एकच का?

नाही. अहवालात दोन्ही शेजारी शेजारी छापलेल्या असतात म्हणून गोंधळ होतो. क्षमता चाचणीत बरोबर आणि चूक उत्तरं असतात, घड्याळ लावलेलं असतं आणि मुलाने काय करून दाखवलं ते मोजलं जातं. कल चाचणीत बरोबर-चूक काहीच नसतं. ‘तुला यंत्र उघडून बघायला आवडेल का?’, ‘लहान मुलांना शिकवायला आवडेल का?’ अशा प्रश्नांना मूल स्वतःबद्दल जे सांगेल तेच तिथे नोंदलं जातं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांची 2016 साली जी चाचणी सुरू झाली, ती मुळात कलाची होती. तिच्या निकालावरून ‘आमचा मुलगा आरोग्य क्षेत्रात हुशार आहे’ असं सांगणारे पालक तेव्हा भेटत. त्या मुलाने आपल्याला ते क्षेत्र आवडतं एवढंच म्हटलेलं असायचं.

क्षमता चाचणीत नेमकं काय विचारतात?

आज वापरात असलेल्या बहुतेक संचांची घडण 1947 साली अमेरिकेत निघालेल्या एका संचासारखी आहे. बुद्धीचा एकच आकडा न देता वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या मोजायच्या, ही त्यामागची कल्पना. भाषिक क्षमतेत शब्दांमधले संबंध ओळखायचे असतात, अंकक्षमतेत हिशेब करायचे असतात आणि तर्कक्षमतेत आकृत्यांच्या मालिकेतली पुढची आकृती शोधायची असते. अवकाशीय क्षमतेत उलगडलेल्या कागदाचा डबा कसा होईल ते डोळ्यांसमोर आणायचं, यांत्रिक क्षमतेत दातेरी चाकं किंवा कप्पी कुठल्या बाजूला फिरेल ते सांगायचं. शिवाय लिपिकीय वेगाची एक चाचणी असते. तिच्यात अक्षरांच्या आणि अंकांच्या जोड्या भराभर जुळवायच्या असतात. प्रत्येक उपचाचणीला ठरावीक मिनिटं मिळतात आणि वेळ संपला की पेन खाली ठेवावं लागतं.

अहवालात 5, 7, 8 असे आकडे आहेत. हे दहापैकी गुण का?

दहापैकी गुण नव्हेत. हा स्टेन नावाचा मोजपट्टीचा प्रकार आहे. तो 1 ते 10 असतो आणि त्याची सरासरी 5.5 असते. म्हणजे 5 किंवा 6 आले तर मूल आपल्या वयाच्या मुलांच्या घोळक्याच्या अगदी मधोमध आहे. ‘दहापैकी पाचच मिळाले’ म्हणून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे, म्हणून हे आधी सांगतो.

काही अहवालांत शततमक असतं. शततमक 60 म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या शंभरातल्या साधारण साठ मुलांपेक्षा गुण जास्त. ही मोजपट्टी मधल्या भागात फसवते. बहुतेक मुलं मध्यभागी दाटीवाटीने असल्यामुळे तिथे थोडे गुण वाढले तरी शततमक झपाट्याने चढतं. 40 आणि 60 या शततमकांत जेवढं खरं अंतर आहे, जवळपास तेवढंच अंतर 93 आणि 98 मध्ये आहे. आलेखात मात्र पहिला फरक चौपट मोठा दिसतो.

मुलाचे अंकक्षमतेत 7 आणि भाषिक क्षमतेत 6 आले. म्हणजे सायन्स ना?

एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. अहवाल वाचताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुठलीही चाचणी आज दिली आणि महिन्याने पुन्हा दिली तर तोच आकडा येत नाही. झोप झाली होती का, कुठले प्रश्न वाट्याला आले, एखाद्या प्रश्नावर किती वेळ अडकलो, यांनी तो थोडा हलतो. चाचणी किती स्थिर आहे हे तिच्या माहितीपुस्तिकेत विश्वसनीयता गुणांक म्हणून दिलेलं असतं. तो 0.85 असेल तर चाचणी चांगली मानतात. एवढ्या चांगल्या चाचणीतही स्टेनच्या एका आकड्याची सर्वसाधारण चूक 0.8 च्या आसपास येते. म्हणजे छापलेला 7 हा खरं तर ‘साधारण सहा ते आठच्या मध्ये कुठेतरी’ असा वाचायचा, आणि अगदी खात्री हवी असेल तर तो पट्टा आणखी रुंद धरायचा.

दोन आकड्यांची तुलना करताना दोघांच्याही चुका त्यात येतात. त्यामुळे फरक खरा मानायला किमान 2 स्टेनचं अंतर लागतं. 7 आणि 6 हे एकच समजा. 8 आणि 4 यांत मात्र खरोखर काहीतरी आहे. अहवालावर पेन्सिलने प्रत्येक आकड्याभोवती एक-एक स्टेनचा पट्टा काढून बघा. ‘मुलाची सर्वांत वरची क्षमता’ म्हणून ठळक छापलेली गोष्ट बऱ्याचदा शेजारच्या दोन क्षमतांपासून वेगळी राहतच नाही. सगळे पट्टे एकमेकांवर पडत असतील तर चाचणीचं प्रामाणिक उत्तर एवढंच, की मुलाच्या क्षमता सगळीकडे सारख्या आहेत आणि शाखा निवडायला हा अहवाल उपयोगी नाही. दुर्दैवाने असं लिहिलेला अहवाल सहसा कुणी देत नाही.

एखाद्या क्षमतेत 4 आले तर ते दार बंद समजायचं का?

आधी उत्तरपत्रिका मागून घ्या. आकड्यापेक्षा ती जास्त सांगते.

चाळीस प्रश्नांच्या चाचणीत दोन मुलांचे 20 प्रश्न बरोबर आले असं समजा. पहिल्याने 22 सोडवले आणि त्यांतले 20 बरोबर आले. दुसऱ्याने 39 सोडवले आणि 20 बरोबर आले. दोघांचा स्टेन एकच छापला जाईल. पहिला सावकाश पण अचूक काम करणारा आहे. त्याला जमतं, फक्त वेळ पुरला नाही. दुसऱ्याने बहुधा अंदाजाने खुणा केल्या. पहिल्याला सरावाचा फायदा होईल, दुसऱ्याला मुळापासून समजून घ्यावं लागेल. किती प्रश्न सोडवले आणि किती बरोबर आले हे दोन आकडे ज्या अहवालात नाहीत तो अपुरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक केंद्रं मागितल्यावर ते देतात.

आमची मुलगी मराठी माध्यमात आहे आणि चाचणी इंग्रजीत झाली. फरक पडतो का?

खूप पडतो, विशेषतः भाषिक क्षमतेत. प्रश्न वाचून समजायलाच अर्धा वेळ गेला तर मोजलं जातं ते इंग्रजी वाचन. तर्क आणि अवकाशीय क्षमतेत आकृत्या असतात, तिथे फटका कमी बसतो. पण सूचना इंग्रजीत आणि घाईने सांगितल्या असतील तर तिथेही बसतो. त्यामुळे आधीच विचारा: पुस्तिका मराठीत आहे का, आणि तुलनेचे मानदंड कोणत्या मुलांवरून काढले आहेत? महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी तुलना आणि महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या मुलांशी तुलना, यांतून एकाच मुलीचे दोन वेगळे स्टेन निघू शकतात. मानदंड किती जुने आहेत तेही विचारावं. जुन्या पिढीशी तुलना केली तर आजची मुलं असतात त्यापेक्षा वरची दिसतात.

एखादा अहवाल प्रत्यक्ष वाचून दाखवाल का?

ऐरोलीतल्या मराठी माध्यमाच्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिचे स्टेन असे होते: अवकाशीय 8, तर्क 7, अंक 6, यांत्रिक 6, भाषिक 5, लिपिकीय वेग 4. कल चाचणीत कलात्मक आणि संशोधक हे दोन गट वर होते. शेवटच्या पानावर ‘सायन्स: अत्यंत योग्य, आर्ट्स: मध्यम, कॉमर्स: कमी योग्य’ असा शिक्का होता. वडिलांनी तो वाचून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन सायन्स करायचं जवळपास ठरवलं होतं. आईला शंका होती, कारण मुलगी रिकामा वेळ मिळाला की चित्रं काढत बसायची.

आधी पट्टे काढले. 7, 6 आणि 6 यांत वेगळं काढण्यासारखं काही उरलं नाही. अवकाशीय क्षमता मात्र अंक आणि यांत्रिक क्षमतेपेक्षा 2 ने, भाषिकपेक्षा 3 ने आणि लिपिकीय वेगापेक्षा 4 ने वर होती. म्हणजे अहवालातली सर्वांत खात्रीची बातमी ही. तिला बाहेरून आधारही मिळत होता: इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत तिला ए श्रेणी होती आणि शाळेत भूमितीचे गुण बीजगणितापेक्षा सातत्याने जास्त होते.

मग उत्तरपत्रिका पाहिली. लिपिकीय वेगाच्या चाचणीत तिने थोड्याच जोड्या तपासल्या होत्या, पण एकही चुकली नव्हती. भाषिक पुस्तिका इंग्रजीत होती आणि शेवटचे बरेच प्रश्न कोरे होते. त्याच क्षमतेची मराठीतली चाचणी दिली तेव्हा 7 आले. मराठीतले आणि इतिहासातले तिचे गुण या 7 शी जास्त जुळत होते. इंग्रजीतल्या 5 ला तिची भाषिक क्षमता म्हणता येत नव्हतं, पण तो आकडा फेकूनही द्यायचा नव्हता. अकरावी सायन्स इंग्रजीतून शिकावं लागतं. जाड पुस्तक इंग्रजीत वाचायचा तिचा वेग कमी पडणार, हे त्यातून आधीच कळत होतं.

कल चाचणीचा ‘संशोधक’ गट तिला विचारूनच उलगडला. ‘झाडं आणि प्राणी यांचं निरीक्षण करायला आवडतं’ अशा विधानांना तिने होकार दिला होता. का, असं विचारल्यावर तिने वही उघडून दाखवली. ऐरोलीच्या खाडीवरचे फ्लेमिंगो, त्यांच्या मानेचे बाक, पाय मुडपण्याच्या तऱ्हा. ती निरीक्षण करत होती ते रेखाटण्यासाठी. पेशी, उती, वर्गीकरण यांत तिला रस नव्हता. चाचणीला हा फरक दिसणं शक्य नाही, कारण तिच्यासाठी होकार हा फक्त होकार असतो.

शेवटी पात्रतेचे नियम मांडले. आर्किटेक्चरला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. डिझाइनच्या प्रमुख पदवी प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येतात. चित्रकलेच्या पदवीलाही सायन्सची सक्ती नाही. मग तिला बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीच्या भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन सदिशांचं प्रकरण वाचायला सांगितलं. दोन आठवडे रोज थोडं वाचायचं आणि उदाहरणं सोडवायची. आकृत्या काढून सदिशांची बेरीज तिला पटकन कळली, इंग्रजी परिच्छेद मात्र सावकाश गेले, पण तिने ते टाळले नाहीत. तिने गणित ठेवून आणि जीवशास्त्र न घेता सायन्स निवडलं. शाखा तीच, जी अहवालाने सांगितली होती. कारण मात्र पूर्ण वेगळं होतं आणि विषयही वडिलांनी ठरवलेले नव्हते.

मग शेवटच्या पानावरचा ‘अत्यंत योग्य शाखा’ हा शिक्का येतो कुठून?

बहुतेक वेळा एका तक्त्यातून. अंक आणि तर्क अमुक स्टेनच्या वर असतील तर सायन्स, लिपिकीय वेग आणि अंक वर असतील तर कॉमर्स, असे नियम सॉफ्टवेअरमध्ये भरलेले असतात. शेकडो मुलांची चाचणी घेऊन, त्यांना बारावीपर्यंत पाहून हे नियम तपासले आहेत का, हा प्रश्न विचारायलाच हवा. कॉमर्स म्हणजे लिपिकीय वेग हे समीकरण तर हाताने खतावणी लिहायच्या काळातलं आहे. आज सीए करणाऱ्याला कायद्याची भाषा बारकाईने वाचावी लागते आणि तर्क करावा लागतो. तर्कक्षमता चांगली असेल तर ती तिन्ही शाखांत कामाला येते, त्यामुळे तिच्यावरून शाखा वेगळी काढता येत नाही.

चाचणी पुढचं यश किती सांगते?

समजा चाचणीचे गुण आणि पुढच्या अभ्यासातले गुण यांचा सहसंबंध 0.5 आहे. क्षमता चाचणीसाठी हा आकडा चांगलाच म्हणावा लागेल. त्याचा अर्थ असा, की चाचणीत वरच्या अर्ध्यात आलेल्या तीन मुलांपैकी दोन पुढे अभ्यासातही वरच्या अर्ध्यात येतात आणि एक खाली जातं. आणि चाचणीत खालच्या अर्ध्यात असलेल्या तिघांपैकी एक पुढे वरच्या अर्ध्यात जातं. शंभर मुलांचा विचार करणाऱ्या संस्थेला ही माहिती मोलाची आहे. तुमच्या घरातलं एकच मूल त्या तिघांपैकी कोणतं, हे मात्र त्यातून कळत नाही.

चाचणीत बऱ्याच गोष्टी येतच नाहीत. रोज डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने यायचं, त्यावर संध्याकाळचा क्लास, क्लासची फी, बाजूला बसणारे मित्र, शिकवणारे सर. अकरावीत घसरलेल्या मुलांशी बोललं तर क्षमता कमी पडली असं क्वचितच निघतं. निघतात याच गोष्टी.

कल पंधराव्या वर्षी पक्का झालेला असतो का?

पूर्ण नाही. कलाचं स्थैर्य किशोरवयात मध्यम असतं आणि अठरा ते बावीसच्या दरम्यान ते ठळकपणे वाढतं, असं दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. आपण मात्र शाखा त्याच्या आधीच निवडायला लावतो.

आणखी एक अडचण अशी, की जे पाहिलंच नाही त्याचा कल कसा असेल? कल चाचण्या बऱ्याचदा जॉन हॉलंड यांनी 1959 साली मांडलेल्या सहा गटांवर आधारलेल्या असतात: हाताने काम करणारे, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि नियमबद्ध काम आवडणारे. वागळे इस्टेटच्या आयटीआयची कार्यशाळा ज्या मुलीने कधी आतून पाहिली नाही, आणि जिला घरात स्क्रू ड्रायव्हर हातात दिलेला नाही, ती पहिल्या गटाच्या विधानांना ‘नाही’ म्हणेल. तिचा कमी आकडा हा अनुभवाचा अभाव असू शकतो. म्हणून कमी आलेल्या गटाबद्दल मुलाला विचारा, ‘हे तू कधी करून पाहिलं आहेस का?’ आणि जास्त आलेल्या गटाबद्दल विचारा, ‘गेल्या वर्षभरात कुणी न सांगता तू यातलं काय केलंस?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर तो कल मालिका पाहून किंवा मोठ्यांचं ऐकून आलेला असण्याची शक्यता धरा.

कल एकीकडे आणि क्षमता दुसरीकडे असेल तर?

आवड आहे पण क्षमता मध्यम आहे, अशा वेळी ‘जास्त मेहनत लागेल’ एवढाच अर्थ घ्या आणि मुलाला ते आधी सांगा. क्षमता खूप आहे पण आवड नाही, हे प्रकरण जास्त अवघड. ‘गणित जमतं ना, मग इंजिनिअरिंग कर’ असं म्हणून पाठवलेली मुलं पहिल्या वर्षी निभावून नेतात आणि पुढे हळूहळू अभ्यासातून अंग काढून घेतात. जमतं म्हणून आवडलंच पाहिजे असं नाही.

बोटांच्या ठशांवरून क्षमता सांगणारी चाचणी करावी का?

करू नये. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून गणिताची क्षमता किंवा शाखा सांगता येते याला पुरावा नाही. तो पैसा वाचवा.

आकडे पटले नाहीत. पुन्हा चाचणी द्यावी का?

मूल आजारी होतं, माध्यम चुकलं होतं किंवा सूचना कळल्या नव्हत्या, असं ठोस कारण असेल तर द्यावी. तोच संच काही आठवड्यांत पुन्हा दिला तर सरावानेच गुण वाढतात, म्हणून दुसरा संच मागावा किंवा सहा महिने तरी जाऊ द्यावेत. मनासारखा निकाल येईपर्यंत केंद्रं बदलत राहणं मात्र मुलावर अन्याय करणारं आहे. आई-वडिलांना कुठलं उत्तर हवं आहे हे त्याला पहिल्या फेरीतच कळलेलं असतं.

चाचणीनंतरही ठरत नसेल तर काय करावं?

मार्गांची दिशा बघा. बारावी सायन्स झालेल्या मुलाला बीए किंवा बीकॉमकडे वळता येतं. बारावी कॉमर्सनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलकडे थेट वळता येत नाही, कारण लागणारे विषयच झालेले नसतात. म्हणून दोन शाखांत खरोखर बरोबरी असेल आणि मुलाला विज्ञानाचा तिटकारा नसेल, तर सायन्सकडे झुकायला हे एक कारण आहे. पण ‘नंतर बदलता येईल’ म्हणून न झेपणारी शाखा घेतली तर बारावीचे गुण पडतात, आणि पुढे बऱ्याच प्रवेशांना तेच गुण लागतात. हाताने काम करायची ओढ असलेल्यांनी तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाचाही विचार करावा. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

आणि अकरावीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. ज्या दोन शाखांत मन अडकलं आहे त्यांतलं एकेक प्रकरण, उदाहरणार्थ पुस्तपालन आणि भौतिकशास्त्र, मुलाला सुट्टीत प्रत्येकी आठवडाभर वाचू द्या. शिकवणी लावू नका, शेजारी बसू नका. कुठल्या पुस्तकावर ते स्वतःहून परत गेलं आणि कुठलं तुम्हाला आठवण करून उघडायला लावावं लागलं, हे तारखेसह लिहून ठेवा. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी तो कागद अहवालाच्या शेजारी ठेवून वाचा, आणि वाचताना मूल समोर बसलेलं असू द्या.